चमचा की बाळाचा हात?

सहा महिने पूर्ण झाले, मान सावरली, थोड्या आधाराने बसता आलं, की बाळ वरच्या अन्नाला तयार. हाती द्यायचं ते बोटाएवढं लांब आणि चिमटीत सहज चिरडेल इतकं मऊ हवं: वाफवलेला लाल भोपळा, रताळं. कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं, शेंगदाणे नकोत. खाताना उबळ आली, चेहरा लाल झाला, खोकल्याचा आवाज येतोय, तर थांबा. बाळ स्वतःच घास बाहेर काढतं. आवाजच बंद होऊन ओठ निळे पडले, तर घास अडकलाय. तत्काळ प्रथमोपचार हवेत. स्वतःच्या हाताने खाणाऱ्या बाळाच्या पोटात सुरुवातीला फारसं जात नाही, म्हणून लोहासाठी घट्ट वरण, अंडं चमच्याने भरवावं. दोन्ही पद्धती एकत्र चालतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा.