मीटिंग जोडली जाते, आवाज मात्र तुटतो

ऑफिसच्या वाय-फायवर टीम्सची मीटिंग उघडते, सगळ्यांची नावं दिसतात, चॅटमधले संदेशही पोहोचतात. पण समोरच्याचा आवाज तुटतो आणि चित्र गोठतं. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला की सगळं सुरळीत चालतं. मग नेटवर्क टीमकडे तक्रार जाते, 'नेट स्लो आहे.' तिथली मंडळी स्पीड मोजतात, आकडा उत्तम येतो आणि तिकीट बंद होतं.

घोटाळा असा की मीटिंगची माहिती दोन वाटांनी जाते. लॉगिन, नावं, चॅट ही सगळी टीसीपीच्या 443 पोर्टवरून जातात. वेबसाइटही तीच वाट वापरतात, म्हणून ती बहुतेक ठिकाणी खुलीच असते. आवाज आणि चित्र यांना मात्र यूडीपीचे 3478 ते 3481 हे चार पोर्ट हवे असतात. यूडीपी हरवलेला तुकडा परत मागत बसत नाही, आणि बोलण्याला तेच सोयीचं. उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग काय? फायरवॉलने ही वाट अडवली की टीम्स नाइलाजाने 443 वर येतं. टीसीपीत एक तुकडा हरवला की मागचे सगळे त्याच्यासाठी थांबतात.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: 'या वाय-फायवरून बाहेर जाणारं यूडीपी 3478 ते 3481 खुलं आहे का?' यातले 'या वाय-फायवरून' हे शब्द गाळू नयेत. कर्मचाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या वाय-फायला अनेकदा वेगळे नियम लावलेले असतात.

'तपासलं, पोर्ट खुला आहे,' असं उत्तर आलं, तर कशाने तपासलं तेही विचारावं. विंडोजमधली `Test-NetConnection` ही आज्ञा फक्त टीसीपी तपासते. त्यामुळे तिच्यावरून यूडीपीबद्दल काहीच कळत नाही. खरा पुरावा फायरवॉलच्या लॉगमध्ये असतो: 11 वाजून 5 मिनिटांनी आपल्या लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावरून निघालेलं काही अडवलं गेलं का? तो पत्ता `ipconfig` या आज्ञेने मिळतो.

दुसरा प्रश्न 443 वरच्या तपासणीचा. काही फायरवॉल कूटबद्ध माहिती मध्येच उलगडून पाहतात. टीम्सला त्यातून सूट द्यावी, अशी खुद्द मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. ती सूट दिली आहे का, हे विचारावं.

लॉगमध्ये अडवल्याची नोंदच नसेल, तर आधी वाय-फायचा सिग्नल आणि त्यावरची गर्दी पाहावी. हॉटस्पॉटची चाचणी दोष ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असल्याचं सुचवते, फायरवॉलमध्येच आहे असं नाही. लॅपटॉप केबलने जोडूनही पाहावा.

'पोर्ट उघडले तर धोका वाढेल,' ही नेटवर्क टीमची शंका रास्त आहे. पण बाहेरून आत येणारी वाट उघडावी लागत नाही. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या पत्त्यांकडे, आतून बाहेर, एवढीच परवानगी पुरते. तिकिटात वेळ, आयपी पत्ता, वाय-फायचं नाव आणि हॉटस्पॉटवर काय झालं, हे चारही तपशील लिहा.