शिवराईची पारख

इ. स. १८१७ च्या ५ नोव्हेंबरला खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज कंपनीची फौज यांची लढाई झाली. त्या काळी या परिसरातील बाजारात लहानसहान खरेदीसाठी जी नाणी हातोहात फिरत, त्यांत शिवराई हे तांब्याचे नाणे प्रमुख होते. शिवाजी महाराजांनी ते चालू केले आणि पेशवाई संपल्यावरही ते कित्येक वर्षे व्यवहारात राहिले. त्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते.

समजा, खडकीतील एका नाणेसंग्राहकाकडे दोन शिवरायांची छायाचित्रे आली आहेत. गाठीच्या पैशांत दोहोंपैकी एकच नाणे घेता येईल. पहिले नाणे लखलखीत आहे व त्यावरील सर्व अक्षरे ओळखू येतात. दुसरे काळपट आहे. त्यावरील ‘श्री’चा माथा नाहीसा झालेला असून कडेला एक चीर आहे. वरवर पाहणारा पहिलेच नाणे निवडील. परंतु पारखी माणूस प्रथम नाणे घडले कसे याचा विचार करतो.

शिवराई यंत्रावर नव्हे, तर हाताने पाडली जाई. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून तिच्यावर वरचा ठसा धरीत आणि त्यावर हातोड्याचा घाव घालीत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे सगळी अक्षरे चकतीवर मावत नसत. दुसऱ्या नाण्यावर ‘श्री’चा माथा नेमका कडेशीच तुटला आहे आणि उरलेला भाग ठसठशीत आहे. म्हणजे तो माथा झिजून गेलेला नाही. तो नाण्यावर कधी उमटलाच नव्हता. ही घडणीतील उणीव होय, झीज नव्हे.

झिजेची खूण निराळी असते. नाणे हातांतून आणि कशांतून फिरताना त्याचा सर्वांत उंच भाग आधी घासला जातो. अक्षरांचे माथे सपाट होतात, त्यांचे कोपरे बोथट होतात आणि रेषा पसरल्यासारख्या दिसतात. पहिल्या छायाचित्रात नेमके हेच आढळते. ‘छ’मधील पोकळी जवळजवळ बुजली आहे आणि वर्तुळातील ठिपक्यांच्या जागी पुसट रेघ राहिली आहे. अक्षरे सर्व आहेत, पण त्यांचा उठाव गेला आहे.

मग त्याची झळाळी कोठून आली? चिंच लावून तांब्याचे भांडे घासावे, तसे हे नाणे कोणीतरी घासले आहे. सपाट भागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे आणि अक्षरांच्या खोबणीत उरलेला काळसर मळ यांवरून ते कळते. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला गडद थर खालच्या धातूचे रक्षण करतो. तो एकदा गेला की पूर्ववत होत नाही.

आता कडा पाहू. दुसऱ्या नाण्याची चीर कडेशी रुंद असून आत निमुळती होत गेली आहे आणि चिरेच्या आतही पृष्ठभागासारखाच काळसर थर आहे. घाव पडताना चकती तडकली, हे त्यावरून बहुधा ठरते. पहिल्या नाण्याची कडा मात्र एका ठिकाणी सरळ रेषेत सपाट झाली असून तेथे एका अक्षराचा भाग छाटला गेला आहे. छाटलेल्या जागी कानशीचे आडवे ओरखडे दिसतात. ही इजा नाणे पाडल्यानंतरची आहे. म्हणून जतनाच्या दृष्टीने दुसरे नाणे सरस ठरते.

तथापि छायाचित्र फसवूही शकते. एका बाजूने तिरपा प्रकाश पडला, तर सावल्या लांबतात आणि झिजलेली अक्षरेही उठावदार भासतात. समोरून प्रखर प्रकाश पडला, तर ठसठशीत अक्षरेही सपाट दिसतात. म्हणून दोन्ही नाणी एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून टिपलेली असावीत. दोन्ही बाजूंबरोबर कडेचेही चित्र मागावे. वजन तर छायाचित्रातून कळतच नाही. ते विचारूनच घ्यावे लागते. नाण्यावर फिकट हिरवे ठिपके असले, तर ते भुकटीसारखे सुटतात काय, हे प्रत्यक्ष पाहावे. सुटत असतील, तर तांबे आतून खाल्ले जात आहे असे समजावे. तसे नसल्याची खात्री झाल्यावरच संग्राहकाने त्या काळपट शिवराईसाठी गाठ सोडावी.