भांडं एकच, सालन तेच: घरात मधुमेह असताना तेल, मीठ आणि साखर कुठून कमी करायची?

घरात अम्मीला किंवा अब्बांना शुगर निघाली की पहिला बदल स्वयंपाकघरात होतो. त्यांच्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं चढतं. त्यात फिक्कं वरण, उकडलेली भाजी आणि बिनतेलाचं काहीतरी. बाकीचे दस्तरखानवर सालन-चावल खातात आणि अम्मी बाजूला आपली वाटी घेऊन बसतात. महिनाभर हे चालतं. मग हळूच कुणाच्या तरी ताटातला एक तुकडा, थोडा रस्सा, कोपऱ्यातली मिठाई सुरू होते. शुगर पुन्हा तिथेच येते.

त्यामुळे आम्ही इथे वेगळ्या पातेल्याबद्दल लिहिणार नाही. रोजच्या मटण सालनात आणि ईदच्या शीरखुर्म्यात चव नेमकी कशातून येते, ते पाहू. चव जिथून येते ते ठेवायचं आणि उरलेलं काढायचं, म्हणजे एकच भांडं सगळ्या घराला पुरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण इथे गल्लत होते. रक्तातली साखर थेट वाढवतात ते साखर, गूळ, भात, रोटी, बटाटा, शेवया हे पदार्थ. तेलाने आणि मिठाने साखर थेट वाढत नाही. पण मधुमेहात हृदय आणि किडनीला आधीच धोका असतो. तेलाने वजन आणि मिठाने रक्तदाब वाढला तर तो धोका आणखी वाढतो. म्हणून तिन्हींवर हात ठेवावा लागतो, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

तेल: चव बिरिस्त्यात आहे, तवंगात नाही

एक किलो मटणाचं, आठ जणांचं सालन घेऊ. आपल्याकडे त्यात सहज एक वाटी तेल पडतं, म्हणजे साधारण 10 मोठे चमचे. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला नुसत्या तेलाच्या 150 कॅलरी येतात. मटणाची स्वतःची चरबी वेगळीच.

हे तेल काय काम करतं? कांदा लाल करतं आणि खड्या मसाल्याचा वास ओढून घेतं. या दोन्ही कामांना तीन मोठे चमचे पुरतात, फक्त वेळ जास्त लागतो.

मटणावरची दिसणारी चरबी आधी कापून काढा. जाड बुडाच्या भांड्यात तीन चमचे तेल गरम करून तेजपत्ता, लवंग, वेलची, दालचिनी टाका. वास सुटला की चार कांदे, अगदी पातळ आणि एकसारखे चिरलेले, चिमूटभर मीठ घालून टाका. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं आणि तो लवकर मऊ होतो. झाकण ठेवून दहा मिनिटं मंद आचेवर राहू द्या, मग झाकण काढून हलवत राहा. कांदा बुडाला चिकटायला लागला की इथे हात तेलाच्या बाटलीकडे जातो. त्याऐवजी एक चमचा पाणी शिंपडा आणि बुड खरवडा. बुडाला लागलेला तो तपकिरी थर म्हणजेच चव आहे. पाण्यात तो विरघळतो आणि कांद्यावर परत चढतो. असं चार-पाच वेळा केलं की वीस-पंचवीस मिनिटांत कांदा गडद बदामी होतो. तळलेल्या बिरिस्त्यासारखा कुरकुरीत होत नाही, पण सालनात तो कुरकुरीत लागणारच नसतो. मात्र थर काळा पडला आणि जळका वास आला तर पुढे जाऊ नका, तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही.

आता आलं-लसूण, हळद, मिरची, धने आणि मटण घालून भुनायचं. अडचण इथे येते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मसाल्याने तेल सोडलं की भुनणं झालं. तेलच कमी असेल तर ते सुटणार कुठून? मग आपण एक तर मसाला कच्चा ठेवतो किंवा घाबरून वरून तेल ओततो. कमी तेलात खूण वेगळी असते. मसाला सैल न राहता गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडतो. भदभद असा आवाज बदलून चरचर येतो. आणि वाकून वास घेतला तर लसणाचा कच्चा, नाकात जाणारा वास गेलेला असतो. या तीन खुणा दिसल्या की पुढे जा.

दही घालायचं असेल तर फ्रीजमधून काढून थेट घालू नका. घरच्या तापमानाला आणा, फेटा, आच अगदी मंद करा आणि एक-एक चमचा घालत हलवा, नाहीतर फुटतं.

सालन शिजल्यावर घरातल्यांना वास येईल आणि तुम्हाला शंका येईल की तवंग नाही, म्हणजे चव नसेल. त्यासाठी एक लहान चमचा तूप गरम करून त्यात चिमूटभर गरम मसाला टाका आणि तो बघार वाढायच्या आधी वरून घाला. नाकाला आधी वरचाच वास येतो. हेच सालन आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी चरबीचा पांढरा थर वर जमतो. तो चमच्याने उचलून टाकायचा. शिवाय मुरलेलं सालन जास्त चवदार लागतं, हे आपल्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे.

मीठ: ते एका ठिकाणाहून येत नाही

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक लहान चमचा. वरच्या सालनात आपण तीन लहान चमचे घातले तर एका माणसाला त्यातूनच सुमारे 2 ग्रॅम जातं. त्यानंतर भाताच्या पाण्यात मीठ, कणकेत मीठ, रायत्यात मीठ, शेजारी लोणचं आणि पापड.

म्हणून सालन अळणी करण्याआधी बाकीची दारं बंद करा. भात आणि रोटी बिनमिठाची करा. सालनाबरोबर खाताना हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. बाजारच्या बिर्याणी मसाल्याच्या पाकिटात आणि तयार आलं-लसूण पेस्टमध्ये बऱ्याचदा मीठ असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. ते वापरलं तर वरून मीठ घालू नका.

सालनातलं मीठ एकदम अर्ध्यावर आणलं तर सगळं घर तक्रार करेल. तीन चमच्यांचे अडीच करा, दोन आठवडे थांबा, मग दोन, मग दीड. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. थोडं मीठ मटणाबरोबर आणि उरलेलं शेवटी घातलं तर कमी मीठही जास्त जाणवतं. उतरवताना लिंबू पिळा. कोकणातल्या घरांत आमसूल असतंच. आंबटपणा असला की मिठाची उणीव भासत नाही. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि भरपूर कोथिंबीर-पुदिना हेही तेच काम करतात.

एक सावधगिरी: बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते शरीरात साठून हृदयाला धोका होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

साखर: शीरखुर्म्याचा हिशेब

एक लिटर दूध, सहा वाट्या. नेहमीच्या पद्धतीने त्यात 150 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम शेवया आणि दहा खारका. एका वाटीत साखरेचे 25 ग्रॅम, शेवयांतून सुमारे 12, दुधातून 8 आणि खारकांतून 8. म्हणजे रक्तात साखर होणारं एकूण 53 ग्रॅम.

बघा, नुसती वरची साखर काढली तरी निम्मं राहतंच. म्हणून शुगर फ्रीची गोळी टाकून तीन वाट्या प्यायला मोकळीक मिळत नाही. गूळ, मध आणि खजूर यांचंही तसंच आहे. ते चांगले असतील, पण रक्तात जाऊन साखरच होतात.

आता हे करून पाहा. सहा खारका रात्री भिजवून तीन बारीक वाटा आणि तीनचे पातळ काप करा. दूध मंद आचेवर थोडं आटवा. आटवल्याने साखर वाढत नाही, पण त्याच दुधाच्या वाट्या कमी भरतात, म्हणून वाटी लहान घ्या. शेवया 50 ग्रॅम, कोरड्याच खमंग भाजा. तुपात तळायची गरज नाही, एक लहान चमचा पुरतो. वाटलेली खारीक दुधात घाला आणि साखर फक्त 30 ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे. दाटपणा बदाम, पिस्ता आणि चारोळीने आणा. शेवटी वेलची आणि केशर. आता एका वाटीत साखर 5, शेवया 6, दूध 8, खारीक 5, मिळून साधारण 24 ग्रॅम. निम्म्याहून कमी. आणि वास तोच, कारण तो वेलची, खारीक आणि भाजलेल्या शेवयांचा आहे.

तरी ईदची खरी अडचण घरची वाटी नसते. ती चौथ्या-पाचव्या घरची वाटी असते. अम्मींनी आपल्या घरी अर्धी वाटी घ्यावी आणि बाहेर दोन चमचे चाखून दुआ द्यावी. यजमानांनीही "अजून घ्या ना" म्हणून आग्रह करू नये.

फरक पडला का, हे कसं कळेल?

ग्लुकोमीटर घरात असेल तर जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. भात-रोटी तेवढीच ठेवून जुनी आणि नवी पद्धत तपासा. सालन बदलून आकडा फारसा हलला नाही तर दचकू नका. तिथे आपण तेल आणि मीठ कमी केलं, त्याचा परिणाम वजनात आणि रक्तदाबात दिसतो. आकडा हलतो तो भात कमी केल्याने. सालनातला बटाटा काढून शलगम किंवा दुधी घातला तरी थोडा फरक दिसेल. ज्वारीच्या भाकरीचंही माप ठेवावंच लागतं.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. अम्मी इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर गोड आणि भात एकदम कमी केल्यास साखर खूप खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलणं अडखळणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी शुद्धीवर असतील तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्या. म्हणून ताट बदलायच्या आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना एकदा भेटा. नव्या ताटाप्रमाणे गोळीचं प्रमाण ठरवायचं काम त्यांचं आहे.