आठाला आठ जुळतात, तरी चाल अडते

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, 18 ऑगस्ट 1872 चा. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. कुरुंदवाडच्या शेजारी नृसिंहवाडी आहे. थोडं पुढे मिरज, जिथे विष्णु दिगंबर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि जिथे 1894 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी दवाखान्याचं काम सुरू केलं. कोल्हापुरात मिशनरी त्याआधीच, 1852 पासून, होते. पंचगंगा आणि कृष्णेच्या या टापूत कीर्तनाची चाल, स्तोत्राचं वृत्त, अभंगाचा ठेका आणि चर्चमधली विलायती चाल काही मैलांच्या अंतरात नांदत होती. इंग्रजी उपासनागीत मराठीत आणताना या सगळ्यांचा एकमेकांशी हिशेब करावा लागतो. तो कसा करायचा ते एकाच गीतावर पाहू.

गीत जगभर गायलं जाणारं आहे: ‘अमेझिंग ग्रेस’. शब्द जॉन न्यूटनचे, 1779 च्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहातले. आज आपण ऐकतो ती ‘न्यू ब्रिटन’ नावाची चाल या शब्दांना 1835 मध्ये विल्यम वॉकरच्या ‘सदर्न हार्मनी’त जोडली गेली. रचना ‘कॉमन मीटर’मधली, म्हणजे ओळींत अनुक्रमे आठ, सहा, आठ, सहा अक्षरं. या मापात लिहिलेली इंग्रजी गीतं असंख्य आहेत, आणि त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याला बसते.

मराठी भाषांतरकार इथेच पहिल्यांदा फसतो. आठ अक्षरं म्हटली की त्याला अभंग आठवतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात, आणि तिथे लघु-गुरूचं बंधन नसतं. अभंगाची चाल अक्षरांना सांभाळून घेते. गाणारा हवं ते अक्षर लांबवतो, हवं ते आखडतो. विलायती चाल तसं करत नाही. तिची स्वरांची लांबी ठरलेली असते आणि चर्चमध्ये पन्नास जण ती एकदम गातात.

ही चाल आपल्या दादऱ्यात मांडली, तर गंमत दिसते. पाश्चात्त्य तीन मात्रांचे दोन तुकडे म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. चालीची उचल सहाव्या मात्रेवर होते; तिथे पहिलं अक्षर एक मात्रा घेतं. दुसरं अक्षर समेवर येतं आणि दोन मात्रा थांबतं. तिसरं पुन्हा एक मात्रा, चौथं दोन, पाचवं पुन्हा सहाव्या मात्रेवर एक. आठ अक्षरांना बरोबर दोन आवर्तनं लागतात. इंग्रजीत या दोन मात्रांच्या जागी शब्दातलं आघात असलेलं अक्षर येतं. मराठीत शब्दावरचा आघात तसा सौम्य आहे. त्याने अर्थ बदलत नाही. पण आपल्याकडे अक्षराचं वजन पक्कं आहे. लांब सुराखाली गुरू आणि आखूड सुराखाली लघु अक्षर आलं की मराठी कानाला ओळ ओघात वाटते.

म्हणजे चालीला हवंय ते असं: लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू. वृत्तं शिकलेल्या वाचकाने ते आतापर्यंत ओळखलं असेल. हे प्रमाणिका वृत्त आहे: ज, र, ल, ग. त्याचीच दुप्पट म्हणजे पंचचामर, आणि शिवतांडव स्तोत्र बहुतांशी पंचचामरात आहे. कॉमन मीटरच्या आठ अक्षरांच्या ओळीचा सांगाडा कुरुंदवाडच्या कीर्तनकाराला जन्मापासून तोंडपाठ असणार. तो फक्त त्याला ‘कॉमन मीटर’ या नावाने ओळखत नव्हता, एवढंच.

आता सरळ अर्थ घेऊन ओळ करू: ‘देवाने मला तारिले’. अक्षरं आठ, अभंगाच्या हिशेबाने निर्दोष. पण चालीवर बसवा. ‘दे’ हे गुरू अक्षर एका मात्रेत कोंबलं जातं, ‘ने’चंही तेच. आणि चौथ्या जागी, जिथे चाल दोन मात्रा थांबते, तिथे ‘मला’तला ‘म’ येतो. गाणाऱ्याला ‘मऽला’ म्हणावं लागतं. कानाला आधी ते चुकलंय एवढंच कळतं. काय चुकलं ते नंतर. हीच गोष्ट ‘मला प्रभूच तारितो’ अशी मांडली की प्रत्येक सुराखाली योग्य वजन येतं.

न्यूटनच्या पहिल्या कडव्याचा भाव असा: कृपेचा नाद गोड आहे, तिने माझ्यासारख्या अधमाला वाचवलं, मी हरवलो होतो तो सापडलो, आंधळा होतो तो पाहू लागलो. प्रमाणिकेच्या सांगाड्यात मी ते असं बसवलं:

चुकून वाट मी जरी
दुरावलो तरी
तुझ्या कृपेमुळेच मी
पुन्हा तुझ्या घरी

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत सहा अक्षरं, तोच लघु-गुरूचा क्रम. ‘तुझ्या’तला ‘तु’ लघुच राहतो, कारण ‘झ्या’चा धक्का मागच्या अक्षराला बसत नाही. यात जमलं ते असं की मराठीत लघु-गुरू शब्द भरपूर आहेत: कृपा, दया, तुझा, मला, जरी, तरी, पुन्हा. सर्वनामं आणि उभयान्वयी अव्ययं आयतीच या मापाची निघतात. गमावलं तेही मोठं आहे. आंधळेपण आणि दृष्टी पूर्ण गेली, नादाचा गोडवा गेला. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि ‘मुळे’सारखी शब्दयोगी अव्ययं अक्षरं खातात, त्यामुळे इंग्रजीच्या चार ओळींत मावणारा मजकूर मराठीच्या चार ओळींत मावत नाही. एखादी प्रतिमा दुसऱ्या कडव्यावर ढकलायची, हाच त्यावर प्रामाणिक उपाय.

दोन दोष अजून उरतात. पहिला, ‘चुकून वाट’ हे ऐकताना ‘चुकून’ क्रियाविशेषणासारखं, ‘अनवधानाने’ या अर्थाने, कानावर पडू शकतं. दुसरा जास्त त्रासदायक. बोलताना आपण ‘वाट’ एकाच अवयवात संपवतो. शेवटचा अकार तोंडातच राहतो. वृत्तात मात्र ‘ट’ हे पूर्ण अक्षर आहे, आणि चालीत त्याला स्वतंत्र सूर मिळतो. स्तोत्रं म्हणणाऱ्या पिढीला ‘वाटऽ’ खटकत नाही, शाळेतल्या मुलांना खटकतं. तेव्हा अक्षरं लिहिल्याप्रमाणे मोजायची की बोलल्याप्रमाणे, हे भाषांतरकाराने सुरुवातीलाच ठरवायला हवं. एका कडव्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं झालं की समूह फुटतो: निम्मे पुढे, निम्मे मागे.

दुसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षरही तपासावं लागतं. या चालीत तिथे सर्वांत वरचा सूर येतो आणि तो पाच मात्रा धरायचा असतो. ‘तरी’मधला ईकार उंच सुरावर आवाज चिमटतो, ‘तुझाच आसरा’ असं काही असतं तर आकारावर गळा मोकळा राहिला असता. इंग्रजी मुळातही तिथे ईकारच आहे, म्हणून मी तो चालवून घेतला.

ख्रिस्ती शब्दसंग्रहाची अडचण वेगळी. ‘येशू’ दोन गुरूंचा शब्द. या सांगाड्यात दोन गुरू शेजारी येऊच शकत नाहीत. जुन्या पद्धतीने ऱ्हस्व ‘येशु’ घेतलं तर ‘म्हणून येशु’ चपखल बसतं, आणि शुद्धलेखनाचे नियमही कवीला वृत्तासाठी एवढी सूट देतात. ‘प्रार्थना’ दुसऱ्या जागेपासून बसते. ‘पवित्र आत्मा’ मात्र शेवटच्या ‘मा’पाशी हटून बसतो, कारण तिथे चालीला लघु हवा असतो.

नारायण वामन टिळकांनी (1861–1919) हा झगडाच नाकारला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी विलायती चालींत मराठी कोंबण्यापेक्षा अभंग, ओवी आणि पदं यांतच लिहिलं, आणि ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या रचनांचा आहे. कवितेच्या दृष्टीने त्यांचाच निर्णय बरोबर होता, असं मला वाटतं. पण एकाच सभेत दोन भाषांचे लोक एकाच चालीवर एकदम गाणार असतील, तर चाल बदलता येत नाही, आणि तिथे प्रमाणिका कामाला येते. उलटा प्रवासही झालाय. पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी टिळकांच्या एका रचनेचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते इंग्रजी गीतसंग्रहांत गेलं. त्यासाठी त्यांनी माप निवडलं ते कॉमन मीटरचंच.