चेक इंजिनचा दिवा लागला, पुढे काय?

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की चालकाला एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. नेमकं काय, ते इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, कोडच्या रूपात नोंदवलेलं असतं. ते वाचायला ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि मोबाइल पुरतो.

अलीकडच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात अडॅप्टर बसवायचा, चावी 'ऑन'वर न्यायची आणि अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथमध्ये तो शोधायचा. स्वस्त अडॅप्टर बहुधा OBDII या नावाने दिसतो आणि पिन 1234 किंवा 0000 असतो. मग 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारख्या ॲपमध्ये तोच अडॅप्टर निवडायचा. आयफोनसाठी मात्र वायफाय किंवा ब्लूटूथ एलईवर चालणारा अडॅप्टर लागतो.

समजा, एका पेट्रोल गाडीत P0171 हा कोड आला. अर्थ असा की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. ही नोंद ऑक्सिजन सेन्सरच्या मापावरून होते, म्हणून तोच बदलला जातो. पण कोड लक्षण सांगतो, खराब झालेल्या भागाचं नाव सांगत नाही.

पुढचा धागा ॲपमधल्या 'फ्रीझ फ्रेम'मध्ये सापडतो. कोड नोंदवला गेला त्या क्षणी गाडी कशी होती, ते तिथे साठवलेलं असतं. समजा, तिथे वेग शून्य, इंजिन तापलेलं आणि 780 आरपीएम दिसतात. म्हणजे गाडी उभी, इंजिन आयडलवर.

आता गाडी मोकळ्या जागी उभी करून, इंजिन सुरू ठेवून 'फ्युएल ट्रिम' पाहायचा. ईसीयू नेहमीच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा दाखवतो. दोन्ही ट्रिमची, शॉर्ट आणि लाँग टर्मची, बेरीज साधारण उणे दहा ते अधिक दहाच्या आत असली तर काळजी नसते. इथे आयडलला ती अधिक 24 आहे आणि 2,500 आरपीएमला अधिक 5 वर येते. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर ज्या गाडीत आहे, तिथे असा उतार दिसला की मोजमापाच्या पुढे कुठूनतरी हवा शिरतेय असा संशय घ्यावा. आयडलला मुळात हवा कमी लागते, म्हणून छोटी गळतीही मोठी ठरते. थ्रॉटलच्या पुढचे रबरी होस आणि इनटेकचं गॅस्केट आधी तपासावं. उलट, वेग आणि भार वाढताना आकडा चढत गेला, तर मळलेला एमएएफ किंवा पेट्रोलचा कमी दाब तपासायला हवा.

या साधनाला मर्यादाही आहेत. साधी ॲप्स इंजिनाचे कोड वाचतात, पण एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुतेकदा त्यांच्या आवाक्याबाहेर असतात. अडॅप्टर कायम लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं.

'क्लिअर' दाबलं की कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणून आधी दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या आणि मेकॅनिकला दाखवा.