ताळेबंदावरून रोजकीर्द

एखाद्या दुकानदाराची रोजकीर्द हरवली आहे, पण रोज रात्री दुकान बंद करताना त्याने लिहिलेली मालाची पूर्ण यादी मात्र हाताशी आहे, असं समजा. सोमवारच्या यादीत साबणाच्या चाळीस वड्या आहेत, मंगळवारच्या यादीत पस्तीस. पाच वड्या कमी झाल्या, एवढं नक्की. त्या विकल्या गेल्या, उंदरांनी कुरतडल्या, की दहा विकून पाच नव्या आल्या, हे याद्या सांगत नाहीत. तरीही रोजच्या याद्या शेजारी ठेवून हरवलेली रोजकीर्द बरीचशी पुन्हा लिहिता येते. संगणकावर माहिती सांभाळणाऱ्यांना हे काम वारंवार करावं लागतं, कारण माहिती देणाऱ्या बहुतेक संस्था काय बदललं ते कळवत नाहीत. त्या रोज पूर्ण यादी देऊन मोकळ्या होतात.

त्याचं सगळ्यांना पाहता येईल असं उदाहरण मुंबईतच आहे. म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना, म्हणजे ॲम्फी, देशातल्या सर्व योजनांचं प्रति युनिट मूल्य, ज्याला आपण एनएव्ही म्हणतो, ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रसिद्ध करते. फाइलचं नाव `NAVAll.txt`. एका ओळीत एक योजना: तिचा क्रमांक, आयसिन क्रमांक, नाव, एनएव्ही आणि त्या एनएव्हीची तारीख, मध्ये अर्धविराम. अशा हजारो ओळी. उद्या याच फाइलच्या जागी नवी फाइल येते. कोणती योजना नव्याने आली, कुणाचं नाव बदललं, कोण नाहीसं झालं, याचा त्यात उल्लेख नसतो.

कालची आणि आजची फाइल ठेवली, की तुलना सुरू करता येते. नमुन्यादाखल चार-चार ओळींच्या दोन काल्पनिक फाइली घेऊ. पहिली कालची, `kal.txt`:

```
900101;Fund A - Growth;52.3000;31-Mar-2021
900102;Fund A - Dividend;18.7500;31-Mar-2021
900103;Fund B - Growth;11.4200;31-Mar-2021
900104;Fund C - Growth;30.0600;31-Mar-2021
```

आणि ही आजची, `aaj.txt`:

```
900101;Fund A - Growth;52.4100;01-Apr-2021
900102;Fund A - IDCW;18.7900;01-Apr-2021
900104;Fund C - Growth;30.0600;31-Mar-2021
900105;Fund D - Growth;10.0000;01-Apr-2021
```

दोन्ही फाइली योजनेच्या क्रमांकानुसार लावलेल्या आहेत, म्हणून दोन्हींवर एकेक बोट ठेवून खाली सरकता येतं. दोन्ही बोटांखाली एकच क्रमांक असेल तर बाकीच्या रकाने ताडून पाहायचे. सगळे सारखे असतील तर काही घडलं नाही, एखादा वेगळा असेल तर ती ‘दुरुस्ती’. कालच्या फाइलमधला क्रमांक लहान असेल तर तो आजच्या फाइलमध्ये नाही, म्हणून ‘वगळणूक’. आजचा लहान असेल तर ती ‘नवी नोंद’. मग ज्या फाइलमधला क्रमांक लहान होता तिथलं बोट पुढे सरकवायचं, क्रमांक सारखेच असतील तर दोन्ही बोटं. एवढ्यात सगळं येतं, आणि फाइल कितीही मोठी असली तरी ती एकदाच वाचावी लागते. युनिक्स आणि लिनक्समध्ये हे करणारी `comm` नावाची जुनी आज्ञा आहे:

```
comm -23 kal.txt aaj.txt
comm -13 kal.txt aaj.txt
```

पहिली आज्ञा फक्त कालच्या फाइलमध्ये असलेल्या ओळी देते: 900101, 900102 आणि 900103. दुसरी फक्त आजच्या: 900101, 900102 आणि 900105. जो क्रमांक दोन्हीकडे आला ती दुरुस्ती, जो फक्त पहिलीत आला ती वगळणूक, जो फक्त दुसरीत आला ती नवी नोंद. 900104 कुठेच आली नाही, कारण तिच्यात बदल नाही. दोन्ही दिवशी ओळी चारच होत्या, हेही ध्यानात घ्या. नुसत्या ओळी मोजणाऱ्याला काही घडलंय असं वाटलंच नसतं.

इथपर्यंतचं काम यंत्राचं. पुढचं काम विचाराचं आहे, आणि त्यात पहिला प्रश्न ओळखीचा. दोन दिवसांच्या दोन ओळी एकाच योजनेच्या आहेत, हे कशावरून ठरवायचं? नावावरून ठरवलं तर काय होतं, ते 1 एप्रिल 2021 रोजी दिसलं असतं. सेबीच्या आदेशानुसार त्या तारखेपासून ‘डिव्हिडंड’ पर्यायांची नावं बदलून ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल’, म्हणजे आयडीसीडब्ल्यू, अशी झाली. नावावर विसंबलेल्याच्या वहीत त्या सुमाराला ढीगभर योजना ‘मेल्या’ असत्या आणि तेवढ्याच ‘जन्मल्या’ असत्या. प्रत्यक्षात योजना त्याच होत्या, फक्त पाटी बदलली होती. मार्च 2023मध्ये आयडीएफसी म्युच्युअल फंडाचा बंधन म्युच्युअल फंड झाला, तेव्हाही असंच. म्हणून ओळख योजनेच्या क्रमांकावरून ठरवायची आणि नाव हा बदलू शकणारा रकाना मानायचा. आपल्या नमुन्यात 900102 म्हणूनच दुरुस्ती ठरली.

दुसरा प्रश्न: कशाला बदल म्हणायचं? बाजार चालू असलेल्या दिवशी जवळपास प्रत्येक योजनेची एनएव्ही हलते. तिला ‘दुरुस्ती’ म्हटलं तर रोज हजारो दुरुस्त्या होतील आणि त्यांच्या गर्दीत नाव बदलल्याची एक नोंद हरवून जाईल. दुकानदारही रोजचा भाव आणि दुकानाचा पत्ता एका पानावर लिहीत नाही. एनएव्ही आणि तिची तारीख वेगळ्या वहीत, ओळीखाली ओळ अशी लिहीत जायची. बदलांच्या वहीसाठी फक्त नाव, आयसिन आणि योजनेचा प्रकार हे रकाने ताडायचे. तसं केलं की आपल्या नमुन्यात 900101ची नोंद वहीत येत नाही आणि 900102ची ठळकपणे येते. ताडण्याआधी ओळी धुऊनही घ्याव्या लागतात. नावाच्या शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागा, किंवा 18.75 आणि 18.7500 यांतला फरक, यंत्राच्या लेखी बदलच असतो.

योजनेच्या प्रकारात तर एक छुपा खड्डा आहे. प्रकार ओळीत लिहिलेलाच नसतो. `Open Ended Schemes(Equity Scheme - Large Cap Fund)` असा मथळा येतो आणि त्याखालच्या सगळ्या ओळी त्या प्रकारच्या असतात. ऑक्टोबर 2017मध्ये सेबीने योजनांचे प्रकार नव्याने आखून दिले आणि त्यानुसार अनेक योजना एका प्रकारातून दुसऱ्यात गेल्या. अशा वेळी योजनेची ओळ अक्षरन् अक्षर तशीच राहून दुसऱ्या मथळ्याखाली जाऊ शकते. ओळी थेट `comm`कडे दिल्या तर मथळा हरवतो आणि हा बदल दिसतच नाही. म्हणून आधी प्रत्येक ओळीला तिच्या वरचा मथळा जोडून घ्यायचा, मगच तुलना करायची.

सगळ्यात जास्त काळजी मात्र वगळणुकीत घ्यावी लागते. नवी नोंद आणि दुरुस्ती यांना फाइलमध्ये पुरावा असतो, ओळ समोर दिसते. वगळणूक ही ओळ नसल्यावरून काढलेली अटकळ असते. 900103 बंद झाली असेल, दुसऱ्या योजनेत विलीन झाली असेल, किंवा फाइल उतरवताना इंटरनेट तुटून मधलीच फाइल हातात आली असेल. या शेवटच्या प्रसंगात भोळा प्रोग्रॅम निम्म्या योजना एका रात्रीत बंद झाल्याचं शांतपणे लिहून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच योजना ‘नव्या’ म्हणून पुन्हा दाखल करतो. वहीत मोठ्या वगळणुकीनंतर लगेच तेवढ्याच नव्या नोंदी आणि क्रमांक तेच, असं दिसलं की ओळखावं, योजनांना काही झालेलं नाही, आदल्या रात्रीची फाइल अर्धी होती.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला उंबरठ्याचा. वगळणुका नेहमीच्या प्रमाणाबाहेर गेल्या, समजा कालच्या ओळींच्या दोन टक्क्यांहून जास्त झाल्या, तर वहीत काहीच न लिहिता थांबायचं आणि माणसाला बोलवायचं. दुसरा उपाय शाळेच्या हजेरीपटातला. पहिल्या दिवशी ओळ दिसली नाही तर नुसती ‘गैरहजर’ अशी खूण करायची. सलग काही दिवस दिसली नाही तरच नाव पटावरून काढायचं, आणि वगळणुकीची तारीख म्हणून गैरहजेरीचा पहिला दिवस लिहायचा. मधेच ती परत आली तर खूण पुसायची. एवढं करूनही विलीनीकरणाचा प्रश्न उरतोच. योजना गेली हे कळतं, तिचे युनिट कुठल्या योजनेत गेले हे दोन फाइलींच्या फरकात नसतं. ते फंड कंपनीच्या सूचनेतूनच घ्यावं लागतं.

याच्या उलट प्रकारही असतो. नमुन्यातली 900104 पाहा: ओळ आहे, पण तारीख कालचीच. कारण बहुधा साधं असतं. सगळ्या योजनांची एनएव्ही एकाच वेळी येत नाही. बहुतेकांची रात्री येते, इतर फंडांत पैसे गुंतवणाऱ्या काही योजनांची दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून संध्याकाळी उतरवलेल्या फाइलमध्ये काही ओळी आजच्या आणि काही कालच्या असतात. एखाद्या ओळीची तारीख आठवडेच्या आठवडे पुढे सरकत नसेल, तर मात्र ती ओळ यादीत असूनही योजना चालू आहे असं धरून चालता येत नाही. यावरून वहीत दोन तारखा का लागतात ते कळतं. एक फाइलने दिलेली, दुसरी आपण ती गोष्ट पाहिल्याची. शुक्रवारी रात्री बदललेलं नाव आपल्याला सोमवारी दिसलं, तर आपण खात्रीने एवढंच म्हणू शकतो की ते या दोन पाहण्यांच्या मध्ये बदललं. मधल्या काळात नाव दोनदा बदलून मूळ पदावर आलं असेल, तर त्याचा मागमूसही राहत नाही.

वही बरोबर लिहिली गेली का, हे तपासायचा मार्ग मुनीमजींना नवा नाही. कालच्या ओळींत नव्या नोंदी मिळवा, वगळणुका वजा करा, आजची संख्या यायला हवी. आपल्या नमुन्यात चार अधिक एक वजा एक, म्हणजे चार. पण संख्या जुळणं पुरेसं नाही, हे वर दिसलंच. खरी कसोटी अशी: कालची यादी घ्यायची, तिच्यावर वहीतल्या नोंदी एकामागून एक लागू करायच्या आणि तयार झालेली यादी आजच्या धुतलेल्या यादीशी ताडायची. आपण पाळत असलेल्या रकान्यांत एका ओळीचाही फरक निघाला, तर चूक त्या रात्रीच सापडते.

आणि रोजची मूळ फाइल, न धुतलेली, तारीख घालून जपून ठेवायची. वही ही शेवटी आपण काढलेल्या अटकळींची वही आहे. मथळे जोडायचे राहिले होते, असं दोन वर्षांनी लक्षात आलं, तर मूळ फाइली पहिल्यापासून पुन्हा चालवून नवी वही लिहिता येते. त्या टाकून दिल्या असतील, तर हुकलेले बदल परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.