भर उन्हात ड्रोनचा व्हिडिओ: एनडी फिल्टर किती नंबरचा लावायचा?

फेब्रुवारीत मुरबाडजवळच्या एका शेतावर आम्ही दुपारी बाराला ड्रोन उडवला. भात कापून झालेली खाचरं, पिवळट खुंट, आकाश स्वच्छ. आमच्या कामाची ओळख करून देणाऱ्या छोट्या व्हिडिओसाठी वीस मीटरवरून कॅमेरा सरळ खाली ठेवून एक संथ फेरी मारायची होती. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं, तर कुठलीही फ्रेम थांबवा, खुंटन् खुंट मोजता येईल इतकी ती स्पष्ट. पण व्हिडिओ चालू केला की जमीन सरकायच्या ऐवजी टकटक उड्या मारत पुढे जात होती. डोळे दुखायला लागले.

कारण समजायला दोनच आकडे लागतात: एका पिक्सेलमध्ये जमिनीचा किती तुकडा येतो, आणि शटर उघडं असताना ड्रोन किती पुढे जातो.

माझ्या ड्रोनची लेन्स २४ मिमी समतुल्य आहे. वीस मीटर उंचीवरून तिला साधारण तीस मीटर रुंदीची जमीन दिसते. फोर-के फ्रेममध्ये आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला जवळपास ८ मिमी जमीन. ड्रोनचा वेग सेकंदाला ५ मीटर, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. दोन फ्रेमच्या मध्ये ड्रोन २० सेमी जातो, म्हणजे चित्र सुमारे २६ पिक्सेल सरकतं. त्या दिवशी ऑटोवरचा शटर स्पीड होता १/४०००. तेवढ्या वेळात ड्रोन सव्वा मिलिमीटर हलतो, एका पिक्सेलच्या सहाव्या भागाइतका. म्हणजे खुंट एका फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये थेट २६ पिक्सेल पलीकडे, आणि मधल्या प्रवासाची काहीही खूण नाही. डोळ्याला हालचाल सलग वाटायला ती खूण, म्हणजे थोडा फराटा, लागतो.

किती फराटा? सिनेमाच्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्मसमोर अर्धवर्तुळाकार चकती फिरायची, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा निम्मा वेळ प्रकाश आत यायचा. त्यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. आमच्या उदाहरणात १/५० ला फराटा १३ पिक्सेलचा होतो, २६ च्या बरोबर निम्मा. हा काही निसर्गनियम नाही, शंभर वर्षांत डोळ्यांना पडलेली सवय आहे. १/६० किंवा १/८० ठेवलंत तरी कुणाला कळणार नाही.

आता अडचण उन्हाची. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की भर उन्हात एफ/१६ आणि आयएसओ १०० ला शटर १/१०० लागतं. पण बऱ्याच लहान ड्रोनचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. माझ्याकडे ते एफ/२.८ आहे, म्हणजे एफ/१६ च्या सुमारे ३२ पट प्रकाश आत येतो, आणि शटर जातं १/३२०० वर. वाळलेले खुंट फिकट असल्यामुळे आमच्या कॅमेऱ्याने १/४००० निवडलं, हे हिशोबाला धरूनच आहे. आयएसओ १०० च्या खाली जात नाही. मग १/५० वर यायला प्रकाशच अडवावा लागतो, आणि ते काम एनडी फिल्टरचं.

नंबर काढणं सोपं आहे. ४००० भागिले ५० म्हणजे ८०. बाजारात मिळतात ३२, ६४, १२८. एनडी ६४ लावला की चौसष्टावा भाग प्रकाश आत येतो, आणि उरलेला फरक शटर १/६० करून भरून निघतो. ज्यांचा ड्रोन एफ/१.७ चा आहे त्यांचं ऊन तेच, पण हिशोब २१७ च्या आसपास जातो. त्यांना १२८ किंवा २५६ लागेल. मित्राचा फिल्टर उसना घेताना हे विसरू नका. काही फिल्टरवर ६४ ऐवजी १.८ लिहिलेलं असतं. तो ६४ चा लॉगॅरिदम, स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांची ऑप्टिकल डेन्सिटी, वेगळं काही नाही.

फिल्टर खरा किती आहे हे मुलुंडच्या गच्चीवर तपासता येतं, पंखे न फिरवता. उडवण्याचा प्रश्नच नाही. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला खाडी आणि फ्लेमिंगो अभयारण्य, शिवाय शहरात पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघत असतात. (बाहेर गेलात तरी डिजिटल स्कायचा नकाशा आधी बघा.) उन्हात पांढरा कागद ठेवा. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून टाका. फिल्टरशिवाय १/३२०० ला आणि एनडी ६४ लावून १/५० ला, असे दोन शॉट घ्या. हिस्टोग्राम जुळला तर फिल्टर प्रामाणिक. माझा पहिला, स्वस्तातला फिल्टर उजेडात जवळपास बरोबर निघाला, पण कागद तपकिरी दिसला. तो रंग ऑटो व्हाइट बॅलन्स थोडाफार झाकतो, म्हणून तपासताना ऑटो बंद. आणखी एक, फिल्टर ड्रोन चालू करण्याआधी बसवा. गिंबल सुरू होताना स्वतःला तोलून घेतो, त्या वेळी वजन लेन्सवर असलेलं बरं.

पण प्रत्येक शॉटला एनडी लागतोच असं नाही, आणि हे बऱ्याच ट्युटोरियलमध्ये सांगत नाहीत. त्याच वेगाने १०० मीटरवरून गेलात तर एक पिक्सेल ३९ मिमीचा होतो, दोन फ्रेममधली उडी जेमतेम ५ पिक्सेलची. तिथे फिल्टर असो वा नसो, फारसा फरक दिसत नाही. उलट ड्रोन जागेवर गोल फिरवताना उंचीचा काही उपयोग नाही. सेकंदाला २० अंश फिरवलात तर कितीही वर असा, दर फ्रेमला चाळीसेक पिक्सेल सरकणारच. यावर उपाय फिल्टर नाही, काठी हळू ढकलणं आहे. ५ अंशांवर आणलं की उडी दहा पिक्सेलवर येते.

वाऱ्याच्या दिवशी १/५० ला चित्र मऊ दिसलं तर एका जागी स्थिर धरलेला शॉट थांबवून बघा. झाडाची पानं फराटलेली पण भिंतीच्या कडा धारदार असतील तर सगळं ठीक. भिंतही फराटली असेल तर गिंबल थरथरतोय. शटर १/१०० करा, तेवढा नैसर्गिकपणा सोडून द्या. पंख्याच्या कंपनाने चित्र जेलीसारखं लहरत असेल तर ती लहर फिल्टरने जात नाही, फक्त फराट्यात लपते. तुटका पंखा बदला.

दुसऱ्या फेरीला एनडी ६४ लावून तोच शॉट घेतला आणि तो छान आला. त्या आनंदात मी फिल्टर आणि १/६० तसंच ठेवून त्याच उंचीवर, त्याच वेगाने नकाशासाठीचे फोटोही काढले. प्रत्येक फोटोत ८ सेमीचा फराटा, सुमारे ११ पिक्सेल. सॉफ्टवेअरला जुळवायला खुंटांच्या कडाच सापडेनात, अर्ध्या शेताचा नकाशा बनलाच नाही. मोजमापासाठी फराटा एका पिक्सेलच्या आत हवा. या वेगाला आणि उंचीला त्याचा अर्थ १/६४० पेक्षा जलद. म्हणजे उन्हात फिल्टर काढायचा आणि १/१००० किंवा त्याहून जलद ठेवायचं. परत मुरबाडला गेलो तोवर शेतकऱ्याने खाचरं नांगरली होती. आता आमच्या फील्ड वहीत प्रत्येक उड्डाणाच्या ओळीत एक रकाना आहे: फिल्टर, आहे की नाही.